सहा वर्षांच्या मुलासोबत बारा तासांची गाडी: कोणता खेळ कधी काढायचा

लांबच्या प्रवासात मूल कंटाळतं ते बहुतेक वेळा खेळ कमी पडल्यामुळे नाही. खेळ भरपूर असतात, पण ते सगळे पहिल्या दोन तासांत बाहेर येतात. सामान लावायचं असतं म्हणून ठाण्याच्या आत मोबाइल हातात जातो, पनवेलपर्यंत रंगपेटी उघडते, रोहा येईपर्यंत गोष्टीचं पुस्तक संपतं. मग माणगावला ‘आई, आता काय करू?’ सुरू होतं आणि मडगाव अजून अख्खा दिवस लांब असतं. माझ्या लेकीला घेऊन केलेला पहिला कोकण रेल्वेचा प्रवास नेमका असाच झाला होता. पुढच्या प्रवासाला वस्तू जवळपास त्याच नेल्या, फक्त क्रम बदलला, आणि दिवस नीट गेला.

इथे मी मुंबई ते मडगाव हा दिवसाच्या गाडीचा प्रवास धरला आहे. सकाळी सातनंतर सुटणारी मांडवी एक्स्प्रेस साधारण संध्याकाळी पोचते, पावसाळी वेळापत्रकात आणखी उशिरा. तुमची गाडी वेगळी असेल तर स्टेशनांची नावं बदला, क्रम तोच ठेवा. बसचा प्रवास वेगळ्या रीतीने करावा लागतो, त्याबद्दल शेवटाकडे लिहिलं आहे.

1. तिकीट काढताना: जागा कोणती

पाच वर्षं पूर्ण झालेल्या आणि बाराच्या आतल्या मुलाला स्वतंत्र बर्थ न घेता अर्ध्या भाड्यात नेता येतं. बर्थ हवा असेल तर पूर्ण भाडं पडतं. दोन-तीन तासांच्या प्रवासाला अर्धं तिकीट चालतं. बारा तासांना मात्र पूर्ण तिकीट काढा. सहा वर्षांचं मूल दिवसभर मांडीवर मावत नाही, आणि खेळ मांडायला स्वतःची जागा नसेल तर पुढचं काहीच जमत नाही.

दोघांचाच प्रवास असेल तर स्लीपर किंवा थ्री टियर एसीत साइड लोअर आणि साइड अपर अशी जोडी मागा. क्रमांक 7 आणि 8, 15 आणि 16, 23 आणि 24, असे आठाच्या पटीत ते येतात. दिवसा खालचा बर्थ दुमडला की समोरासमोर दोन खुर्च्या होतात आणि मधली खिडकी तुमची असते. शेजारी तिसरं कोणी नसल्यामुळे मुलाला कोणाचे पाय ओलांडावे लागत नाहीत, आणि ‘जरा सरक गं’ हे दिवसभर ऐकावं लागत नाही. पसंती नोंदवली तरी हीच जागा मिळेल याची खात्री नसते. समोरची तीन आसनं मिळाली तर मुलाला खिडकीपाशी बसवा आणि स्वतः त्याच्या लगत बसा.

तपासा: स्लीपरमध्ये जागेवर पोचताच खिडकीची काच आणि झडप नीट अडकते का ते स्वतः दोनदा वर-खाली करून बघा. सैल झडप हिसक्याने खाली येते आणि मुलाची बोटं बरोबर तिथेच असतात. खिडकीवर आपत्कालीन असं लिहिलेलं असेल तर तिचे गज उघडू शकतात. त्या खिडकीशी मोठ्या माणसाने बसायचं.

2. चार दिवस आधी: प्रवासाची पट्टी

सहा वर्षांच्या मुलाला ‘अजून सहा तास’ यातून काही कळत नाही. ‘अजून चार चौकोन’ हे मात्र त्याला बोटाने दाखवता येतं. म्हणून खेळण्यांच्याही आधी पट्टी तयार करायची.

जुन्या भिंतीवरच्या कॅलेंडरची पानं घ्या. त्यांची मागची बाजू कोरी असते आणि कागद जाड असतो. 8 सेंटिमीटर रुंदीचे 15 चौकोन येतील अशी एक लांब पट्टी कापून आणि चिकटवून तयार करा, आणि पंख्यासारखी घड्या घालून ठेवा. प्रत्येक चौकोनात एक नाव मोठ्या अक्षरात लिहायचं: मुंबई, ठाणे, पनवेल, माणगाव, खेड, चिपळूण, संगमेश्वर, रत्नागिरी, वैभववाडी, कणकवली, कुडाळ, सावंतवाडी, थिवी, करमळी, मडगाव. काही थांबे मी मुद्दाम गाळले आहेत. सगळे लिहिले तर पट्टी संपतच नाही असं वाटतं.

नावं तुम्ही लिहा, चित्रं मुलाला काढू द्या. चिपळूणच्या चौकोनात वाशिष्ठी नदीची निळी रेघ, खेडच्या चौकोनात जगबुडी, रत्नागिरीत आंबा, मडगावच्या चौकोनात ज्यांच्याकडे जायचं आहे त्यांचं घर. पट्टी मुलाच्या हातची झाली तर ते ती गाडीत सांभाळतं. तुम्ही एकट्याने सुबक करून दिलेली पट्टी पनवेलच्या आत सीटखाली जाते.

इथली नेहमीची चूक म्हणजे पट्टीवर वेळा लिहिणं. गाडी पाऊण तास उशिरा धावली की ‘पण इथे दोन लिहिलंय’ म्हणून मूल हिरमुसतं. स्टेशनं कितीही उशिरा आली तरी क्रमानेच येतात. घड्याळ तुमच्यापाशी असू द्या, पट्टीवर नको.

3. दोन दिवस आधी: सहा पुड्या

एका मोठ्या पिशवीत सगळे खेळ एकत्र भरले की मूल ती पिशवी पालथी करतं. त्याऐवजी प्रत्येक खेळ वेगळा वर्तमानपत्रात गुंडाळा, दोऱ्याने बांधा आणि वर स्टेशनाचं नाव लिहा. नियम एकच: फलाटावरच्या पिवळ्या पाटीवर ते नाव मुलाने स्वतः वाचलं की पुडी उघडायची. पहिलीतल्या मुलाला खेड, कुडाळ, थिवी ही नावं सहज वाचता येतात. चिपळूण आणि वैभववाडी जरा अडतात, पण पट्टीवर चार दिवस बघितलेली असल्यामुळे ओळखू येतात.

माझ्या सहा पुड्या अशा असतात.

*माणगाव: शोधपत्र.* एका पानावर खिडकीतून दिसणाऱ्या बारा गोष्टींची साधी चित्रं. चार सोप्या: म्हैस, माड, कौलारू घर, बगळा. चार मधल्या: रेल्वे फाटक, नदीतली होडी, देवळाचा कळस, लाल एसटी. चार अवघड: रहाटाची विहीर, गवताची उडवी, चिऱ्याची खाण, ट्रक लादलेली रेल्वेगाडी. शेवटची गोष्ट मुलांना खरी वाटत नाही, पण कोकण रेल्वेच्या रो-रो सेवेत भरलेले ट्रक सपाट वाघिणींवर चढवून नेतात आणि ही गाडी समोरून येताना किंवा कोलाडला उभी असलेली दिसू शकते.

*खेड: लेस ओवायचा मासा.* जाड पुठ्ठ्याचा तळहाताएवढा मासा कापा आणि कडेने पंचिंग मशीनने सोळा-अठरा भोकं पाडा. सोबत बुटाची नवी लेस. लेसचं टोक कडक असल्यामुळे सुई लागत नाही. मणी ओवायला देऊ नका. पहिल्याच हिसक्याला ते डब्यात पसरतात.

*चिपळूण: बोगद्यांचा कागद.* एक काळा कागद, पांढरी पेन्सिल. खेळ पुढे सांगते.

*वैभववाडी: पत्र्याच्या डब्यातली सापशिडी.* यावरही पुढे सविस्तर.

*कुडाळ: भेळ.* चुरमुरे, फरसाण, भाजलेले दाणे वेगवेगळ्या छोट्या डब्यांत.

*थिवी: घडीकामाचे कागद.* चौकोनी दहा कागद, होडी, टोपी आणि उडी मारणारा बेडूक करण्यासाठी.

पुड्यांखेरीज सोबत लागतं ते एक कडा उभी असलेलं स्टीलचं ताट. त्यावर कागद ठेवून चित्र काढता येतं, लेस ओवता येते, भेळ कालवता येते, आणि काही घरंगळलं तर कडेला अडतं. गोल पेन्सिली नेऊ नका, त्रिकोणी किंवा षटकोनी न्या. स्केचपेनांची टोपणं हरवतात आणि मग बर्थवर निळे डाग पडतात, म्हणून तेलखडूच बरे. आवाज करणारं, तुकडे सुटणारं, चेंडूसारखं काहीही घरीच ठेवा.

ताटाची चाचणी: प्रत्येक खेळ घरी ताटात मांडा, मुलाला मांडी घालून बसवा आणि ताट हलकं हलवत राहा. पाच मिनिटांत ज्याचा तुकडा खाली पडला तो खेळ गाडीत चालणार नाही. या चाचणीत माझ्याकडचे निम्मे खेळ बाद झाले होते.

4. सापशिडीचा डबा कसा करायचा

विकतच्या घडीच्या सापशिडीत तीन अडचणी असतात. सोंगट्या सरकतात, फासा सीटखाली जातो आणि शंभर घरांचा डाव कधी संपतच नाही. 98 वरच्या सापाने गिळलं की सहा वर्षांचं मूल रडतं आणि त्याचं रडणं योग्यच असतं, कारण अर्धा तास खेळून ते पुन्हा सुरुवातीला आलेलं असतं.

बिस्किटांचा पत्र्याचा चौकोनी डबा घ्या. झाकणाच्या आतल्या बाजूला मावेल असा कागद कापून त्यावर 3 सेंटिमीटरची तीस घरं आखा, सहा ओळी, प्रत्येकीत पाच. तीन शिड्या आणि दोनच साप. सगळ्यात मोठा सापही फार तर सात-आठ घरं खाली नेणारा असावा. असा डाव आठ-दहा मिनिटांत संपतो आणि मूल ‘अजून एक’ म्हणतं. कागद चारी बाजूंनी चिकटपट्टीने बसवा. सोंगट्या म्हणून फ्रिजवर लावायची मोठी लोहचुंबकं वापरा. कागदावरूनही ती पत्र्याला धरून राहतात.

फासा एका पारदर्शक प्लॅस्टिकच्या छोट्या डबीत घालून झाकण चिकटपट्टीने बंद करून टाका. डबी हलवायची आणि बाहेरून आकडा वाचायचा. फासा डबीबाहेर येतच नाही, त्यामुळे हरवायचा प्रश्न संपतो.

चुंबक नेण्याआधी झाकणावर लावून बघा. स्टीलच्या ताटालाही चुंबक लागेल असं गृहीत धरू नका. स्वयंपाकघरातल्या बऱ्याच स्टीलच्या भांड्यांना ते लागत नाही. पत्र्याच्या डब्याला मात्र लागतं.

सावध: मण्यांएवढी छोटी, फार जोराने चिकटणारी चुंबकं मुलाच्या हातात देऊ नका. अशी दोन गिळली गेली तर आतड्याच्या आत एकमेकांना ओढून धरतात आणि गंभीर इजा होते. गिळल्याची शंका आली तरी वाट न बघता दवाखाना गाठायचा.

5. गाडीत पहिले दोन-तीन तास: काहीच काढायचं नाही

हा टप्पा पाळायला अवघड आहे. मुंबई ते माणगाव या वेळात मुलाला खेळ लागत नाहीत. गाडी नवी, सीट नवी, वरचा बर्थ नवा, चहावाल्याची हाळी नवी. हे सगळं बघण्यातच त्याचा वेळ जातो. यात आपण मध्ये खेळणं घातलं तर गाडीचं नवेपण वाया जातं आणि खेळाचंही.

तुम्ही सामान लावा. मुलाला दोन कामं द्या. एक, आपल्या सगळ्या पिशव्या मोजून आकडा सांगायचा. दोन, पट्टी उलगडून मुंबईच्या चौकोनावर तेलखडूने फुली मारायची. मग ठाणे, मग पनवेल. मध्ये खाऊ द्या, गप्पा मारा, खिडकीतून बघू द्या. मूल आपणहून दहा-पंधरा मिनिटं गप्प बसून बाहेर बघत असेल तर तेव्हा काहीही सुचवू नका. ‘ते बघ, ते बघ’ करत त्याला हलवायची सवय बहुतेकांना असते, मलाही होती. ते बघतंच आहे.

पहिली कुरकुर साधारण पनवेलनंतर येते. ती आली की पुडी नाही, फेरी. मुलाला बूट घालायला लावा, हात धरा आणि आपल्या डब्यातून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जाऊन या. फेरीला काहीतरी काम हवं: लाल रंगाच्या बॅगा किती, आठाचा आकडा किती ठिकाणी दिसला, झोपलेली माणसं किती. दोन डबे जोडणाऱ्या हलत्या भागात जायचं नाही, दारापाशी थांबायचं नाही, आणि गाडी सुटताना किंवा थांबताना उठायचं नाही. अशी फेरी दिवसभरात दर दीड तासाला हवी. बसून राहिलेल्या पायांची चिडचिड कोणत्याही खेळाने जात नाही.

6. माणगाव ते रत्नागिरी: दिवसातला सगळ्यात भरलेला भाग

माणगावची पाटी वाचली, शोधपत्राची पुडी उघडली. इथे एक गोष्ट मुलाला शिकवावी लागते. रुळालगतच्या वस्तू झरकन पळतात, त्या त्याच्या नजरेला पकडता येत नाहीत. त्याला म्हणा, ‘लांब बघ, डोंगराच्या अलीकडे.’ लांबच्या गोष्टी सावकाश सरकतात आणि सापडतात. दोन भावंडं असतील तर दोघांत एकच पत्र द्या. ज्याला दिसलं त्याने सांगायचं, दुसऱ्याने खूण करायची. वेगवेगळी पत्रं दिली की दहा मिनिटांत ‘मी आधी बघितलं’ सुरू होतं. पत्र पूर्ण व्हायची घाई नको, ते दिवसभर उघडं राहू दे.

खेडला लेसचा मासा. तो वीस मिनिटं पुरतो. ओवून झाला की उसवायचा आणि पुन्हा ओवायचा. दुपारी बाराच्या सुमारास चिपळूणच्या अलीकडे-पलीकडे जेवण उरकून घ्या, कारण त्यानंतर बोगद्यांचा खेळ आहे.

कोकण रेल्वेवर नव्वदहून जास्त बोगदे आहेत. सगळे मोजायचे असं पहिल्यांदा आम्ही ठरवलं होतं आणि पंचवीसच्या पुढे दोघींचाही हिशेब चुकला. म्हणून फक्त चिपळूण ते रत्नागिरी मोजा. काळ्या कागदावर प्रत्येक बोगद्यासाठी पांढऱ्या पेन्सिलीने एक कमान काढायची. आत शिरताच मुलाने आकडे म्हणायला लागायचं आणि उजेड दिसताच थांबायचं. जो आकडा आला तो कमानीखाली लिहायचा. कोणता बोगदा लांब आणि कोणता आखूड हे आकड्यांवरून मग आपोआप कळतं. सहा वर्षांच्या मुलाला शंभरपर्यंत मोजण्याचा इतका सराव शाळेत क्वचित मिळत असेल.

उक्षी गेलं की तयार राहा. उक्षी आणि भोके यांच्या मध्ये करबुड्याचा बोगदा आहे, साडेसहा किलोमीटर लांबीचा, या मार्गावरचा सगळ्यात मोठा. गाडी ताशी 65 किलोमीटरने जात असेल तर बाहेर पडायला सहा मिनिटं लागतात. शंभर होतात, पुन्हा शंभर होतात आणि अंधार संपत नाही. माझी लेक तिसऱ्या शंभरात थांबली आणि हळूच माझा हात धरला. काही मुलांना इथे भीती वाटते, म्हणून ‘आता एक खूप लांबचा येणार आहे, तीनशेच्या वर मोजावं लागेल’ हे आधी सांगून ठेवा. स्लीपरमध्ये खिडकी बंद करून घ्या, आतला घुमणारा आवाज उघड्या खिडकीतून फार मोठा येतो.

रत्नागिरी सुटल्यावर निवसरच्या अलीकडे पानवल नदीवरचा पूल येतो. तो 64 मीटर उंच आहे. आकडा सांगून मुलाला काही कळणार नाही. ‘वीस मजली इमारतीच्या गच्चीवरून आपली गाडी चालली आहे’ म्हणा. हे पुलाआधी सांगायचं असतं. पूल गेल्यावर सांगून उपयोग नाही, म्हणून चालू गाडीची जागा दाखवणारं ॲप या भागात तुम्ही स्वतः उघडं ठेवा. बोगद्यांत रेंज जाते, तेव्हा स्टेशनांच्या नावांवर लक्ष असू द्या.

7. रत्नागिरीनंतर: आडवं पडायची वेळ

जेवण झालेलं, बोगदे झालेले. आता मूल थकलेलं असतं पण ‘झोप’ म्हटलं की उठून बसतं. झोप म्हणू नका. ‘गोष्ट ऐकायची आहे, त्यासाठी आडवं व्हावं लागतं’ एवढंच म्हणा. घरून उतरवून आणलेल्या दोन-तीन ऐकायच्या गोष्टी फोनवर लावा, पडदा पालथा ठेवा, आवाज निम्म्याच्या खाली. एक इअरफोन त्याच्या कानात, एक तुमच्या. सगळ्यात चांगलं म्हणजे घरातल्या आजीच्या किंवा आजोबांच्या आवाजात आधी ध्वनिमुद्रित करून घेतलेली गोष्ट. मूल झोपलं तर उत्तम, नाही झोपलं तरी तासभर डोळ्यांना आणि पायांना विसावा मिळतो.

तपासा: गोष्टी खरोखर फोनमध्ये उतरल्या आहेत का? आदल्या रात्री फोन विमान मोडवर टाकून प्रत्येक गोष्ट सुरू करून बघा. इंटरनेटवर अवलंबून राहिलात तर पहिल्याच बोगद्यात गोष्ट थांबते आणि मूल पूर्ण जागं होतं.

8. वैभववाडी ते मडगाव: संध्याकाळ

उठल्यावर सापशिडीचा डबा. चार-पाच डाव सहज होतात. शेजारच्या आजोबांना एक डाव खेळायला बोलवायचं का ते मुलाला ठरवू द्या. बोलावलं तर तुम्हाला चहा प्यायला दहा मिनिटं मिळतात.

सापशिडीचा कंटाळा आला तर पत्त्यांचा भिकार-सावकार या वयाला चालतो. त्यात डोकं कमी आणि नशीब जास्त, म्हणून मूलही मोठ्यांना हरवतं. पत्ते ताटातच टाकायचे आणि खिडकी बंद ठेवायची, नाहीतर एखादा राजा भातशेतात जातो.

कुडाळला भेळ. हा खेळच आहे, खाऊ म्हणून त्याकडे बघू नका. मुलाचे हात पुसा, ताट द्या, डबे त्याच्यापुढे मांडा. दोन मुठी चुरमुरे, एक मूठ फरसाण, एक चमचा दाणे, असं प्रमाण त्यालाच ठरवू द्या आणि कालवायलाही त्यालाच द्या. कांदा घरूनच चिरून आणा, चटणी आणू नका. कालवणं, वाटणं आणि खाणं मिळून अर्धा तास सहज जातो. खाताना मूल बसलेलंच असावं. चालत्या गाडीत उड्या मारत दाणे खाल्ले की ठसका लागतो.

थिवीनंतर खिडकीत अंधारायला लागतं आणि बाहेर बघायचं काही उरत नाही. दिवसातला सगळ्यात कठीण तास हा. मोबाइलवरची चित्रं बघायची वेळ आता, सकाळी नव्हे. सकाळी दिलेला फोन काढून घेताना भांडण होतं. संध्याकाळी दिलेला फोन स्टेशन आल्यामुळे आपोआप बंद होतो. आधी घडीकाम, ते नको झालं की अर्धा तास फोन. त्यासाठी बॅटरी राखून ठेवलेली असली पाहिजे.

करमळीला फोन बंद. डबा, ताट, लेस, तेलखडू, पट्टी या वस्तू मुलाने मोजून पिशवीत भरायच्या. झुआरीचा पूल याच टप्प्यात येतो. अंधार असला तरी पाण्यात दिवे दिसतात.

9. बस असेल तर

वरचं निम्मं बसला लागू होत नाही. गाडीत चालणारा शोधपत्राचा, लेसचा, सापशिडीचा खेळ घाटातल्या बसमध्ये मुलाला उलटी आणतो. खाली बघत असताना डोळ्यांना सगळं स्थिर दिसतं, पण कानाच्या आतल्या तोल सांभाळणाऱ्या भागाला वळणं जाणवत असतात. या दोन निरोपांचा मेळ बसत नाही आणि मळमळ सुरू होते. साधारण दोन ते बारा या वयात हा त्रास सगळ्यात जास्त असतो.

म्हणून बसमध्ये नियम असा: सरळ रस्त्यावरही मान खाली घालायचे खेळ दहा मिनिटांपुरतेच, घाटात मुळीच नाहीत. जागा पुढच्या भागात घ्या, मागच्या चाकावरची आणि शेवटच्या रांगेतली टाळा. मुलाला समोरचा रस्ता दिसला पाहिजे.

खेळ तोंडाचे आणि कानाचे हवेत. गाण्यांच्या भेंड्या सहा वर्षांच्या मुलाला जड जातात, त्याऐवजी एकाच प्रकारातल्या नावांच्या भेंड्या घ्या. ‘भाज्या’ म्हटलं की आळीपाळीने एकेक भाजी, पुन्हा तीच आली की बाद. मग फळं, मग घरातल्या माणसांची नावं, मग स्वयंपाकघरातल्या वस्तू. ‘चिमणी उड, कावळा उड, म्हैस उड’ याला जागेवरून हलावं लागत नाही. ‘मी कोण’ या खेळात तुम्ही एक प्राणी मनात धरायचा आणि मुलाने हो किंवा नाही अशी उत्तरं येतील असे प्रश्न विचारायचे. या वयाला दहा प्रश्न पुरतात, वीस लांबतात.

कोल्हापूरहून रत्नागिरीला जाताना आंबा घाट लागतो. अशा रस्त्याला घाट सुरू होण्याआधीच सगळं बॅगेत जायला हवं. घाटात फक्त गप्पा किंवा ऐकायची गोष्ट.

ओळखा: बोलकं मूल एकाएकी गप्प होतं, जांभया देतं, तोंडात पाणी येतं म्हणून सारखं गिळतं, चेहरा फिका पडतो. यातली दोन लक्षणं दिसली की खेळ थांबवा, खिडकी उघडा, लांब एका ठिकाणी बघायला सांगा आणि पिशवी हाताशी घ्या. ‘काही होत नाही, खेळ तू’ म्हणून वेळ काढलात तर पाच मिनिटांनी कपडे बदलावे लागतात. गोळी द्यायची असेल तर मुलाच्या डॉक्टरांना आधीच विचारून ठेवा, मोठ्यांची अर्धी करून देऊ नका.

थांब्यावर बस वीस मिनिटं थांबली तर पहिली दहा मिनिटं मुलाला मोकळं चालू द्या, आधी स्वच्छतागृह, मग चालणं, खाणं शेवटी आणि हलकं.

10. सातवी पुडी

गाडी उशिरा धावणार हे धरूनच चालायचं. समोरून येणाऱ्या गाडीसाठी थांबवलं की एखाद्या छोट्या स्टेशनात अर्धा तास जातो, आणि तेव्हा पट्टीवरचा पुढचा चौकोन काही केल्या येत नाही.

यासाठी एक जास्तीची पुडी तुमच्या स्वतःच्या बॅगेत, मुलाला न दाखवता ठेवा. तिच्यावर नाव लिहायचं नाही. आत काय आहे ते फार महत्त्वाचं नाही. माझ्या पुडीत एक छोटी विजेरी असते, वरच्या बर्थवर चादर लावून तिच्या उजेडात हाताच्या सावल्यांचे ससे आणि कुत्रे करायला. गाडी वेळेवर पोचली तर ती तशीच बंद राहते आणि परतीच्या प्रवासाला कामी येते.